पंखा गरगर फिरतोय, पण कधीपासून? कानातले खडे, स्ट्रोक आणि मान हलवून करायच्या तपासण्या

मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात इमर्जन्सीत काम करते, आणि आमच्याकडे रोज कोणीतरी चक्कर घेऊन येतंच. हल्ली सगळ्यांच्या मोबाईलवर "चक्कर म्हणजे स्ट्रोक असू शकतो" असे मेसेज फिरतायत आणि त्याच्याच खाली "मान अशी वळवा, चक्कर दोन मिनिटांत गायब" असे व्हिडिओ, त्यामुळे माणसं दोन्ही बाजूंनी गोंधळून येतात. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या पेशंटबद्दल आहेत, आणि ह्याची अदलाबदल झाली की मोठा घोटाळा होतो. तो घोटाळा डॉक्टरांकडूनही होतो. माझ्याकडूनही झालाय, ते पुढे सांगतेच.

आधी दोन पेशंट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

पहिल्या, लालबागच्या एक काकू, वय एकसष्ट. पहाटे पाचला पाणी येतं म्हणून उठायला उजव्या कुशीवर वळल्या आणि छतावरचा पंखा, भिंत, कपाट सगळं गरगर फिरायला लागलं. त्यांनी घाबरून डोळे मिटले, पलंगाची कड धरली, थोड्या वेळाने थांबलं. मग उठून बसल्या तर परत. लेक टॅक्सीत घालून घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, "डॉक्टर, आईला पॅरालिसिसचा अटॅक आलाय का बघा ना."

दुसरे, भांडुपचे एक काका, वय चोपन्न, डायबिटीस आणि बीपी दोन्ही. सकाळी नाश्ता करताना अचानक गरगरायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, आणि दुपारी दोनला आमच्याकडे आणलं तेव्हाही तसंच चालू होतं. हात-पाय व्यवस्थित हलत होते, तोंड वाकडं नाही, बोलणं स्पष्ट. घरच्यांना वाटलं पित्त झालंय.

घरचे ज्यांच्यासाठी घाबरले होते त्या काकूंना स्ट्रोक नव्हता, आणि ज्यांना पित्त समजलं त्या काकांना होता.

कानात खडे? म्हणजे मूतखड्यासारखे?

नाही. काकूंच्या लेकीनेही हेच विचारलं, "मग ऑपरेशन करावं लागेल का?"

आपल्या आतल्या कानात ऐकण्याच्या भागाच्या शेजारी तोल सांभाळणारा भाग असतो. त्यात एक छोटी पिशवी आहे, तिच्या आत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक बारीक स्फटिक बसलेले असतात, म्हणजे शिंपल्यात असतो तोच पदार्थ. हे प्रत्येकाच्या कानात जन्मापासून असतात आणि असायलाच हवेत. त्यांच्या वजनामुळे कानाला कळतं की खाली कुठे आहे, गाडी पुढे निघाली की ब्रेक लागला. इतके बारीक असतात की नेहमीच्या एमआरआय, सिटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

ह्या पिशवीला तीन अर्धगोल नळ्या जोडलेल्या असतात. तीन बांगड्या एकमेकींना काटकोनात धरल्या तर जसं दिसेल तसं समजा. नळ्यांमध्ये पाणी असतं आणि प्रत्येकीत एक मऊ पडदा असतो. तुम्ही मान फिरवली की नळीतलं पाणी मागे राहतं, पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो की डोकं फिरतंय. नळीचं काम फक्त फिरणं ओळखण्याचं, वजनाशी तिचा संबंध नाही, आणि तिच्यात खडे असायचे कारणच नाही.

वय वाढलं, डोक्याला मार लागला, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिलं, किंवा कधीकधी काहीच कारण नसताना थोडे खडे त्या पिशवीतून सुटतात आणि नळीत घरंगळतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खाली असते. आता कोथिंबीर पाण्यात धुतल्यावर पातेल्याच्या तळाशी माती बसते ना, ती पातेलं तिरकं केलं की हळूहळू घसरत दुसरीकडे जाते, तसं होतं. काकू कुशीवर वळल्या, नळी तिरकी झाली, खडे घसरले, घसरताना पाणी ओढलं गेलं, पडदा वाकला. डोकं तर उशीवर स्थिर आहे पण कान मेंदूला सांगतोय की आपण जोरात फिरतोय. ह्या आजाराला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. मी इथे खड्यांची चक्कर म्हणते.

हे पातेल्याचं चित्र डोक्यात ठेवा, कारण ह्या चक्करची सगळी लक्षणं त्यातून निघतात. पातेलं तिरकं केल्याबरोबर माती घसरत नाही, क्षणभर थांबून घसरते, म्हणून चक्करही वळल्यावर काही सेकंदांनी सुरू होते. माती तळाशी पोचली की हालचाल संपली, म्हणून तुम्ही त्याच कुशीवर पडून राहिलात तरी चक्कर एक मिनिटाच्या आत थांबते. आणि परत उठलात की माती उलट घसरणार, म्हणून उठतानाही येते. मधल्या वेळात, मान स्थिर असताना, फिरणं नाही. थोडं मळमळेल, डोकं जड वाटेल, पण जग फिरत नाही.

मग तपासायचं कसं?

काकूंना मी विचारलं, "आत्ता, अशा बसल्या आहात, आत्ता फिरतंय का?"

"नाही, आत्ता नाही. पण वळले की येतं हो, भीतीच बसलीय."

हे उत्तर मिळालं की पुढची तपासणी ठरते. तिचं नाव डिक्स-हॉलपाइक, मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक ह्या दोन डॉक्टरांनी 1952 साली तिचं वर्णन केलं. कुठलंही मशीन लागत नाही, एक पलंग आणि डोळे उघडे ठेवायला तयार असलेला पेशंट पुरे.

काकूंना पलंगावर पाय लांब करून अशा बसवलं की आडवं झाल्यावर डोकं पलंगाच्या कडेबाहेर जाईल. मान उजवीकडे 45 अंश वळवली. सांगितलं की आता चक्कर येईल, ती मुद्दाम आणतोय, माझा हात घट्ट धरा पण डोळे मिटू नका. आणि मग पटकन आडवं केलं, डोकं माझ्या हातात, थोडंसं खाली लोंबतं, 20 ते 30 अंश. ह्या स्थितीत उजव्या कानाची मागची नळी उभी होते आणि खडे असले तर सरळ खाली घसरतात.

एक, दोन, तीन, चार सेकंद काही नाही. मग त्या ओरडल्या, "आली आली!" आणि त्यांचे डोळे नाचायला लागले. डोळ्यांच्या ह्या झटक्यांना निस्टॅग्मस म्हणतात, मी झटकेच म्हणते. झटके कुठल्या दिशेला आहेत हेच तर बघायचं असतं. काकूंचे डोळे कपाळाकडे वर उडत होते आणि त्याचवेळी घड्याळाच्या काट्यासारखे स्वतःभोवती वळत होते, बुबुळाचा वरचा भाग खालच्या, म्हणजे उजव्या कानाकडे. जोर वाढत गेला, मग ओसरला, वीसेक सेकंदांत बंद. उठवून बसवलं तर झटके उलट दिशेने आले. डाव्या बाजूला तेच केलं, काही नाही.

उजव्या कानाच्या मागच्या नळीत खडे असले की डोळ्यांनी हेच करायला पाहिजे. प्रत्येक नळी डोळ्यांच्या ठरावीक स्नायूंना जोडलेली असते, त्यामुळे झटक्यांची दिशा म्हणजे पत्ताच लिहून दिल्यासारखं.

आता हेच झटके वेगळे निघाले तर सावध व्हायचं. आडवं केल्याबरोबर, एक सेकंदही न थांबता डोळे सरळ हनुवटीकडे खाली उडतायत, मिनिट झालं तरी थांबत नाहीत, पुन्हा पुन्हा केलं तरी जोर कमी होत नाही, तर ते खड्यांच्या हिशेबात नीट बसत नाही आणि मेंदूच्या मागच्या भागाचा विचार करावा लागतो. म्हणून "चक्कर आली ना, मग तपासणी पॉझिटिव्ह" असं नुसतं म्हणून चालत नाही, डोळे बघावे लागतात. जो तपासणारा पेशंटचे डोळे न बघता निदान करतो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आणि उलटही लक्षात ठेवा, ही तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे खडे नाहीतच असं नाही. ते आडव्या नळीत असतील तर पाठीवर झोपवून डोकं एकदा उजवीकडे एकदा डावीकडे वळवायची वेगळी तपासणी करावी लागते, त्यात डोळे आडवे नाचतात.

"पण एक्सरेमध्ये तर मानेत स्पॉन्डिलायटिस दिसलाय"

हे इतक्या वेळा ऐकते की ह्याला वेगळा मथळा दिला. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्सरेमध्ये झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो. मान हलवल्यावर चक्कर येते म्हणून दोष मानेचा असं वाटतं, पण मान हलते तेव्हा तिच्याबरोबर कानही हलतो. काकू कुशीवर वळल्या तेव्हा मान आणि धड एकत्र वळलं होतं, मानेत पीळ पडलाच नव्हता, तरी चक्कर आली. लोक महिनोन्‌महिने पट्टा घालून फिरतात, मान ताठ धरून झोपतात, आणि खडे आपले नळीत तसेच.

गोळ्यांचंही तसंच. बीटाहिस्टिनची गोळी सर्रास दिली जाते, पण कुठलीही गोळी नळीतले खडे उचलून परत पिशवीत ठेवू शकत नाही. ते काम वजनानेच करावं लागतं, म्हणजे डोकं अशा क्रमाने फिरवायचं की खडे नळीतून घरंगळत पुन्हा पिशवीत पडतील. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली ह्या डॉक्टरांनी ही पद्धत शोधली, 1992 साली ती छापून आली, आणि त्याआधी कित्येक वर्षं त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. नुसतं डोकं फिरवून आजार बरा होतो हे कोणाला पटत नव्हतं.

काकूंना तिथल्या तिथे केलं. उजवीकडे डोकं खाली असलेल्या त्याच स्थितीत झटके थांबेपर्यंत आणि वर अर्धा मिनिट थांबले. मग डोकं 90 अंश डावीकडे, पुन्हा तेवढंच थांबणं. मग त्यांना डाव्या कुशीवर वळवलं आणि नाक जमिनीकडे येईपर्यंत डोकं आणखी फिरवलं, पुन्हा थांबणं. मग हनुवटी छातीकडे ठेवून हळूच उठवलं. पाच मिनिटांचं काम. पुन्हा डिक्स-हॉलपाइक केली, डोळे शांत. बहुतेकांना एक-दोन वेळा पुरतं. नंतर एखाद-दोन दिवस जरा तरंगल्यासारखं वाटतं, ते चालतं. बसून झोपा, दोन उशा घ्या, असले नियम आता गरजेचे मानत नाहीत.

आता खरी गोम: भांडुपचे काका

ही माझी जुनी चूक आहे, मी तेव्हा शिकत होते. काका स्ट्रेचरवर डोळे मिटून पडले होते, शेजारी उलटीचं भांडं. मी विचारलं, "मान हलवली की वाढतं का?" ते म्हणाले, "हो, खूप." मला वाटलं झालं, खडे. मी डिक्स-हॉलपाइक केली, त्यांना भयंकर गरगरलं, उलटी झाली. मी केसपेपरवर लिहिलं, बीपीपीव्ही.

आमच्या सीनियर मॅडम आल्या. त्यांनी तपासायच्या आधी काकांच्या कानाशी वाकून एकच विचारलं, "काका, आत्ता मी हात लावलेला नाही, तुम्ही हललेला नाहीत. आत्ता फिरतंय का?"

"हो. सकाळपासून. थांबलंच नाही."

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग तू पातेलं हलवून काय बघितलंस?"

माझा प्रश्नच चुकला होता. *मान हलवली की वाढतं का* ह्याला चक्कर असलेला प्रत्येक माणूस हो म्हणतो, मग कारण काहीही असू दे. घोटा मोडलेला असो की मुरगळलेला, पाय टेकवला की दुखणारच. विचारायचं असं की *मान स्थिर असताना पूर्ण थांबतं का.* खड्यांची चक्कर पूर्ण थांबते, कारण खडे तळाशी बसतात. ती तासन्‌तास चालूच शकत नाही. आधीपासून चालू असलेली चक्कर हालचालीने वाढली तर डिक्स-हॉलपाइक पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. ह्या पेशंटला ती तपासणी करायचीच नसते.

"चक्कर कशी येते, गरगरतं की अंधारी येते की हलकं वाटतं" ह्यावर आपण फार वेळ घालवतो, पण घाबरलेला माणूस दहा मिनिटांनी वेगळं सांगतो. किती वेळ आणि कशाने, हे दोन प्रश्न जास्त भरवशाचे.

चोवीस तास फिरत असेल तर दोनच मोठे संशयित

अचानक सुरू होऊन तासन्‌तास, दिवसभर न थांबणारी चक्कर, उलट्या, चालता येत नाही, डोळ्यांना झटके, असा पेशंट असेल तर मुख्य प्रश्न खडे की स्ट्रोक हा नसतो. प्रश्न असतो की कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला सूज आलीय की मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे लहान मेंदूत किंवा मेंदूच्या खालच्या देठात, ज्याला ब्रेनस्टेम म्हणतात, रक्तपुरवठा बंद झालाय. नसेची सूज त्रासदायक पण जिवावरची नाही. स्ट्रोक जिवावरचा. आणि ह्या मागच्या भागातल्या स्ट्रोकमध्ये हात-पाय लुळे पडणं, तोंड वाकडं होणं, हे बऱ्याचदा नसतंच, म्हणून घरी पित्त म्हणून सोडून देतात.

ह्या दोघांना वेगळं करायला पलंगाशेजारीच करायच्या तीन तपासण्या आहेत, त्यांना मिळून हिंट्स म्हणतात. तिन्हीत डोळेच बघायचे असतात.

मान झटकन फिरवायची तपासणी, आणि तिचं उलटं गणित

आधी एक प्रयोग घरी करा, चक्कर नसताना. हात लांब करून तळहाताच्या रेषा बघा आणि हात जोरात डावीकडे-उजवीकडे हलवा. रेषा पुसट होतील. आता हात स्थिर ठेवा आणि तेवढ्याच जोरात *डोकं* हलवा. रेषा स्पष्ट दिसतात ना? डोकं हललं की कान तत्काळ डोळ्यांना उलट दिशेने फिरवतो, म्हणून चित्र जागच्या जागी राहतं. लोकल हेलकावे खात असताना आपण समोरच्या दारावरची जाहिरात वाचू शकतो ते ह्याच्यामुळे. कान ते ब्रेनस्टेम ते डोळ्यांचे स्नायू, एवढी छोटी वायर आहे.

तपासणी अशी. पेशंटने डॉक्टरच्या नाकाकडे बघत राहायचं. डॉक्टर त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून अचानक, न सांगता, 10 ते 20 अंश एका बाजूला झटकन फिरवतो. अंतर कमी पण वेग जास्त. कान चांगला असेल तर डोळे नाकावरच खिळलेले राहतात. त्या बाजूची नस सुजलेली असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहवत जातात, नाक सुटतं, आणि मग एक उडी मारून परत नाकावर येतात. ती उडी दिसली की तपासणी बिघडलेली. ऑस्ट्रेलियातले हालमाज्यी आणि कर्थॉइस ह्यांनी 1988 साली हे लिहिलं.

आता उलटं गणित. सतत चक्कर असलेल्या पेशंटमध्ये ही तपासणी बिघडलेली निघाली तर साधारण दिलासा असतो, आणि नॉर्मल निघाली तर धोका.

हे पचायला जड जातं, मलाही गेलं होतं. घरातली लाइट गेली आणि तुम्ही फ्यूज बघितला. फ्यूज उडालेला दिसला तर बरं वाटतं, बिघाड सापडला, घरातलाच आहे. फ्यूज ठणठणीत आहे आणि तरीही अंधार आहे तर? मग बिघाड पुढे कुठेतरी आहे, मोठ्या केबलमध्ये. तसंच इथे. माणूस सहा तास गरगरतोय, आणि कान-डोळ्यांची वायर दोन्ही बाजूंनी धड आहे, तर गरगरणं येतंय कुठून? लहान मेंदूतून असणार.

काकांचं डोकं मॅडमनी दोन्हीकडे झटकलं. डोळे नाकावरून हलले नाहीत. मी मनात म्हटलं, चला, नॉर्मल. मॅडमचा चेहरा मात्र गंभीर झाला.

दुसरी तपासणी झटक्यांच्या दिशेची. नस सुजली असेल तर झटके आडवे आणि कायम एकाच दिशेला असतात, नजर कुठेही न्या, फक्त जोर कमी-जास्त होतो. काका उजवीकडे बघायचे तेव्हा झटके उजवीकडे, डावीकडे बघायचे तेव्हा डावीकडे. दिशा बदलणं म्हणजे मेंदूची खूण. झटके सरळ वर किंवा खाली असणं हीसुद्धा.

तिसरी, एकेक डोळा आळीपाळीने झाकायचा. हात ह्या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेला की उघडा झालेला डोळा वर-खाली सरकतो का ते बघायचं. सरकला तर दोन डोळ्यांची उंची जुळत नाहीये, आणि तेही मेंदूकडे बोट दाखवतं. काकांमध्ये हे नव्हतं. तिन्ही असावे लागत नाहीत, एक जरी धोक्याचं निघालं तरी स्ट्रोक समजून पुढे जायचं.

मग मॅडमनी काकांना हात छातीशी बांधून पलंगावर बसायला सांगितलं. ते डाव्या बाजूला कलंडले, दोघांनी धरलं. नस सुजलेला माणूस डगमगतो, पण बहुधा कशाचा तरी आधार घेऊन उभा राहतो. ज्याला आधाराशिवाय बसताही येत नाही त्याला घरी पाठवायचं नाही, डोळ्यांच्या तपासण्या काहीही सांगोत.

"एवढं कशाला, सरळ स्कॅन करा ना"

काकांच्या मुलाने हेच म्हटलं, आणि त्याचा सिटी स्कॅनचा आग्रह बरोबरही होता, कारण रक्तस्राव झालाय का हे सिटीत दिसतं. सिटी केला. नॉर्मल आला. मुलगा म्हणाला, "चला, सुटलो."

सुटलो नव्हतो. रक्तवाहिनी बंद होऊन झालेला ताजा स्ट्रोक, तोही कवटीच्या मागच्या जाड हाडांमध्ये दडलेल्या भागात, सिटीमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआय खूप चांगला, पण पहिल्या दोन दिवसांत तोही चुकू शकतो. 2009 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून एक अभ्यास छापून आला, त्यात सतत चक्कर असलेले 101 पेशंट होते. ज्यांना स्ट्रोक होता त्यांच्यातल्या 12 टक्के लोकांचा पहिला एमआरआय नॉर्मल आला होता, आणि ह्या तीन तपासण्यांनी मात्र एकही स्ट्रोक सोडला नाही. पलंगाशेजारची दोन मिनिटांची तपासणी महागड्या मशीनला मागे टाकते ह्यावर तेव्हा खूप चर्चा झाली.

पण त्या अभ्यासाचा अर्थ ताणू नये. तपासणारे ह्याच विषयातले तज्ज्ञ होते, आणि पेशंट निवडलेले होते, चक्कर सतत चालू असलेले आणि बीपी-डायबिटीससारखा स्ट्रोकचा किमान एक धोका असलेले. मान कमी वेगाने फिरवली, किंवा ती उडी नजरेतून निसटली, तर उत्तर चुकतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. समजा मी लालबागच्या काकूंवर मान झटकायची तपासणी केली असती, तर ती नॉर्मल आली असती, कारण त्यांच्या नसेला काही झालेलंच नाही. आणि मी "नॉर्मल म्हणजे धोका" हा नियम लावून त्यांना स्ट्रोक म्हणून ॲडमिट केलं असतं. काकांवर मी डिक्स-हॉलपाइक केली आणि खडे म्हणाले, तशीच ही उलटी चूक. म्हणजे दोन तपासण्या, दोन वेगळ्या पेशंटसाठी. थांबून थांबून, वळल्यावर येणारी चक्कर असेल तर डिक्स-हॉलपाइक. सतत चालू आहे आणि आत्ता तपासतानाही फिरतंय, डोळ्यांना झटके आहेत, तर हिंट्स.

ज्यात दोन्ही तपासण्या उपयोगाच्या नाहीत

काही स्ट्रोकमध्ये आतल्या कानाला रक्त देणारी वाहिनीच बंद होते. मग कानच मेल्यासारखा होतो आणि मान झटकायची तपासणी बिघडलेली येते, म्हणजे खोटा दिलासा. म्हणून चक्करबरोबर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालंय का हे विचारावंच लागतं. कानाशी बोटं चोळून तपासलं तरी अंदाज येतो.

दुसरं, चक्कर आपोआप आली, काही न करता, पंधरा-वीस मिनिटं राहिली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत थांबली. आता डोळे शांत, तपासायला काही उरलं नाही. हे मायग्रेन असू शकतं, किंवा स्ट्रोकच्या आधीचा इशाराही. तिथे वय, बीपी, शुगर, तंबाखू, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं स्कॅन ह्यावरच जावं लागतं.

मग व्हिडिओ बघून घरी करू का?

मान झटकायची तपासणी घरी कोणी कोणावर करू नका. मानेतली रक्तवाहिनी आतून चिरून स्ट्रोक होतो, तोही तरुण माणसांत, नव्याने उठलेल्या मानदुखीबरोबर, आणि तिथे मान झटकणं म्हणजे संकट ओढवून घेणं. एप्लीचं वेगळं आहे. एकदा डॉक्टरने डोळे बघून कुठला कान, कुठली नळी हे सांगितलं असेल तर पुढच्या वेळी घरी करायला शिकवता येतं. बाजू माहीत नसताना केलं तर काहीच साधत नाही, आणि आपण बरे होत नाही म्हणून माणूस आणखी घाबरतो.

घरी करायचं ते वेगळं. माणसाला भिंतीला टेकून शांत बसवा, मान हलू देऊ नका, आणि घड्याळ लावून दोन मिनिटं थांबा. पूर्ण थांबलं का विचारा. थांबत नसेल, किंवा बोलणं अडखळतंय, दोन-दोन दिसतंय, गिळताना ठसका लागतोय, चेहरा बधिर आहे, मानेत किंवा डोक्यात अचानक जोराचं दुखतंय, एका कानाने ऐकू येत नाही, आधाराशिवाय बसता येत नाही, ह्यातलं एकही असेल तर लिंबू सरबत करत बसू नका, 108 ला फोन करा. आणि शेवटचं ठीक कधी होते ती वेळ कागदावर लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो.

काकांची ती वेळ निघून गेली होती. सकाळी आठला सुरू झालं, दुपारी दोनला आणलं. एमआरआयमध्ये डाव्या लहान मेंदूचा खालचा भाग गेलेला दिसला. लहान मेंदूच्या स्ट्रोकमध्ये पुढच्या दोन-चार दिवसांत सूज वाढून ब्रेनस्टेम दाबला जाण्याची भीती असते, म्हणून त्यांना घरी न पाठवता आयसीयूत ठेवलं, न्यूरोसर्जनना सांगून ठेवलं. सूज आली, पण ऑपरेशनपर्यंत गेलं नाही. दोन आठवड्यांनी ते काठी घेऊन चालत घरी गेले. मी लिहिलेलं निदान कायम राहिलं असतं तर ते त्याच संध्याकाळी मळमळीच्या गोळ्या घेऊन रिक्षाने भांडुपला गेले असते.

लालबागच्या काकू आठ महिन्यांनी परत आल्या. खडे पुन्हा सुटतात कधीकधी. ह्या वेळी एकट्याच आल्या होत्या आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, ऐका. ह्या वेळी डाव्या कुशीवर. वळल्यावर तीन-चार सेकंदांनी सुरू होतं, मी मोजलंय, वीसपर्यंत आकडे होतात तेवढ्यात थांबतं. बसून राहिले की काही नाही. दोन्ही कानांनी ऐकू येतंय, जिना एकटी उतरून आले."

मी त्यांना पलंगावर बसवलं आणि मान डावीकडे वळवली.